बिलासोबतचा मेल असा लिहा, की तारीख, अटी आणि खातं चुकीचं वाचताच येणार नाही

नाशिकच्या अंबडमधल्या एका छोट्या मशीन शॉपचं उदाहरण घेऊ. मालक, मुलगा, सहा कामगार आणि अर्धवेळ येणारा अकाउंटंट. सातपूरच्या एका मोठ्या कंपनीला त्यांनी स्वतःच्या मटेरियलमधून पार्ट बनवून दिले. बिल १० जुलै २०२५ चं. माल कंपनीच्या गेटवर १२ जुलैला पोचला. तपासणी होऊन जीआरएन, म्हणजे माल स्वीकारल्याची नोंद, १६ जुलैला झाली. मेलमध्ये एकच ओळ होती: ‘सोबत बिल जोडलं आहे, पेमेंट ३० दिवसांत करावं.’

या ‘३० दिवसां’चे चार अर्थ निघतात आणि चारही प्रामाणिक आहेत. बिलाच्या तारखेपासून मोजले तर ९ ऑगस्ट. माल पोचल्यापासून मोजले तर ११ ऑगस्ट. जीआरएनपासून मोजले तर १५ ऑगस्ट, म्हणजे सुट्टीचा दिवस. आणि कंपनीची पद्धत ‘महिना संपल्यापासून ३० दिवस’ अशी असेल तर ३० ऑगस्ट. त्या वर्षी गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. पैसे ११ तारखेला येतील असं धरून कामगारांना गणपतीआधी उचल कबूल केलेल्या मालकाला ३० ऑगस्ट ही तारीख काय करते, हे कुठल्याही कारखानदाराला सांगावं लागत नाही. कंपनीने इथे काही बुडवलेलं नाही, तिने फक्त आपल्याला सोयीचा अर्थ घेतला. तो घ्यायला जागा मेलनेच ठेवली होती.

म्हणून हा मेल लिहिताना एकच कसोटी लावायची: वाचणाऱ्याला काहीही स्वतः ठरवावं लागता कामा नये.

मेल वाचतं कोण?

आपण मेल लिहितो खरेदी विभागातल्या ओळखीच्या साहेबांना, पण बिलाची एन्ट्री करते अकाउंट्समधली व्यक्ती, जिने आपल्याला कधी पाहिलेलंही नसतं. तिच्यासमोर दिवसभरात बिलांची रांग असते. सिस्टिममध्ये तुमच्या नावापुढे पेमेंटची अट आणि बँक खातं आधीच भरलेलं असतं. ती बिल क्रमांक, तारीख आणि रक्कम टाकते आणि देय तारीख सिस्टिम स्वतः काढते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. तुमच्या मेलमधली तारीख सिस्टिममधली तारीख बदलत नाही. मेलचं काम आहे दोन्हींमधला फरक एन्ट्रीच्या दिवशीच त्या व्यक्तीच्या डोळ्यांना दिसेल असं करणं. फरक जुलैत कळला तर एका फोनने सुटतो. ऑगस्टच्या शेवटी कळला, तर तोवर ‘सर, सिस्टिममध्ये तारीखच तशी पडली आहे’ हे उत्तर तयार असतं. मेल अकाउंट्सच्या सामायिक पत्त्यावर पाठवा आणि खरेदीच्या साहेबांना सीसीमध्ये ठेवा, उलटं नको.

आधी पीओ उघडा

मेल लिहायला बसण्याआधी पीओतली, म्हणजे कंपनीच्या खरेदी ऑर्डरमधली, पेमेंटची अट शब्दशः वाचा. त्यात दिवसांच्या आकड्यापेक्षा मोजणी कुठून सुरू होते हे शोधायचं आहे: बिलाच्या तारखेपासून, बिल मिळाल्यापासून, माल मिळाल्यापासून की जीआरएनपासून. आपल्या उदाहरणात पीओत ‘माल मिळाल्यापासून ३० दिवस’ असं होतं. बिलाच्या पीडीएफवर मात्र वर्षानुवर्षं छापून येणारं ‘३० दिवस’ एवढंच होतं. कागदोपत्री मालकाची बाजू स्वच्छ होती, ती मेलमध्ये आलीच नाही.

पीओमध्ये नसलेली अट मेलमध्ये घुसवू नका. पीओ ४५ दिवस म्हणत असेल आणि मेल ३० म्हणत असेल, तर अकाउंट्स पीओ धरणार आणि पुढच्या वेळी तुमच्या मेलमधला कुठलाच आकडा गांभीर्याने घेणार नाही. अट बदलून हवी असेल तर ते बोलणं खरेदी विभागाशी, पुढच्या ऑर्डरच्या आधी.

पीओत अटच नसेल, किंवा तोंडी व्यवहार असेल, तर सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २००६ चा एमएसएमईडी कायदा उत्तर देतो. लेखी करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे. लेखी करार असेल तरी ही मुदत स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे जाऊ शकत नाही. माल पोचल्यावर १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला तोच दिवस स्वीकारल्याचा दिवस धरला जातो. आपल्या उदाहरणात १२ जुलैपासून ४५ दिवस म्हणजे २६ ऑगस्ट. म्हणजे ‘महिनाअखेरपासून ३० दिवस’ धरून निघणारी ३० ऑगस्ट ही तारीख पीओच्या बाहेर तर आहेच, कायद्याच्या कमाल मर्यादेच्याही पलीकडे आहे.

कायद्यात उशिरासाठी रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याजाची तरतूद आहे. तरी बिलासोबतच्या पहिल्या मेलमध्ये व्याजाची भाषा आणू नये असं मला ठामपणे वाटतं. तिथे फक्त उद्यम नोंदणी क्रमांक आणि ‘सूक्ष्म’ की ‘लघु’ एवढं लिहा. त्याचा उपयोग वेगळ्या वाटेने होतो. २०२४-२५ या कर निर्धारण वर्षापासून, उत्पादन किंवा सेवा देणाऱ्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाला या मुदतीत पैसे दिले नाहीत, तर खरेदीदाराला त्या खर्चाची आयकरातली वजावट प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळते. मार्चअखेरीला थकलेल्या बिलांत त्यांना याचा खरा फटका बसतो, म्हणून त्यांचे ऑडिटर तो क्रमांक शोधत असतात. मध्यम उद्योगांना आणि नुसत्या ट्रेडिंगला ही तरतूद लागू नाही. तुम्ही त्यात मोडत असाल तर ही ओळ घालू नका.

तारीख कशी लिहायची

दिवसांची संख्या लिहून थांबू नका; मोजून तारीख लिहा. ‘पासून’ म्हटलं की पहिला दिवस धरायचा नाही: १२ जुलैला पोचलेल्या मालाचा पहिला दिवस १३ जुलै आणि तिसावा ११ ऑगस्ट.

महिना अक्षरात लिहा. ‘11/08/2025’ हे आपल्यासाठी ११ ऑगस्ट आहे. पण कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकी पद्धतीची असेल तर एक्सेल त्याला ८ नोव्हेंबर समजून बसतं आणि कुठलीही चूक दाखवत नाही. तारीख १२ च्या आतली असली की हा धोका असतोच. सोबत वार लिहा, म्हणजे ‘सोमवार, 11 ऑगस्ट 2025’. टाइप करताना तुमचा आकडा चुकला तर वार आणि तारीख जुळणार नाहीत आणि समोरचा विचारेल. वार फुकटात मिळणारी पडताळणी आहे.

मग त्याच ठिकाणी, खालच्या ओळीत, हिशोब दाखवा: माल पोच १२ जुलै, पीओप्रमाणे ३० दिवस. तारीख आणि तिचं कारण एकत्र असलं की वाद घालायचा तर कारणावर घालावा लागतो आणि कारण पीओत आहे.

अट ‘जीआरएनपासून’ असेल तर अडचण अशी, की मेल पाठवताना जीआरएनची तारीख तुमच्याकडे नसते. अशा वेळी अंदाजाने तारीख ठोकून देऊ नका. ‘जीआरएनच्या तारखेपासून ३० दिवस, जीआरएन १६ जुलैला झाल्यास देय तारीख शुक्रवार, १५ ऑगस्ट’ असं उदाहरणासकट लिहा आणि जीआरएनची तारीख कळवायची विनंती करा. ती कळली की त्याच मेलला रिप्लाय करून पक्की तारीख लिहा. देय तारीख सुट्टीच्या दिवशी पडत असेल तर ‘१५ ऑगस्टला सुट्टी असल्याने १४ ऑगस्टपर्यंत करता येईल का’ हे तेव्हाच विचारावं. एनईएफटी आणि आरटीजीएस आता चोवीस तास, सुट्टीतही चालतात. पण अकाउंट्स विभाग सुट्टीत बसत नाही. बऱ्याच कंपन्यांत पेमेंट ठरलेल्या वारीच सुटतात. तो वार एकदा विचारून आपल्या वहीत लिहून ठेवा, पुढची प्रत्येक तारीख त्याच्याशी ताडून पाहता येते.

काही शब्द मेलमधून काढूनच टाका. ‘लवकरात लवकर’, ‘महिनाअखेर’, ‘नेहमीप्रमाणे’ यांना तारीख नाही. ‘उरलेली रक्कम दोन हप्त्यांत’ याचा अर्थ कुणी दोन आठवडे घेईल, कुणी दोन भाग. भागांत पैसे घ्यायचे ठरलं असेल तर प्रत्येक भागाची रक्कम आणि तारीख वेगळ्या ओळीत द्या.

रक्कम

इथे फार थांबायला नको. मूळ रक्कम २,४०,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ४३,२००, एकूण २,८३,२००. एकूण रक्कम मेलमध्ये आकड्यात आणि अक्षरात लिहा आणि ती पीडीएफशी पैशापर्यंत जुळू द्या. मेल आणि पीडीएफमध्ये फरक दिसला की बिल बाजूला पडतं आणि कुणी कळवतही नाही.

लेबर चार्जेसचं बिल असेल तर टीडीएस कापला जातो: मालकी एका व्यक्तीची असेल तर १ टक्का, भागीदारी किंवा कंपनी असेल तर २ टक्के. जीएसटी बिलात वेगळा दाखवला असेल तर कपात मूळ रकमेवर होते. ५०,००० च्या लेबर बिलावर मालक एकटा असेल तर ५०० रुपये. बिलाची रक्कम आणि टीडीएस वजा जाऊन खात्यात यायची रक्कम, दोन्ही लिहा. नाहीतर कमी आलेले पैसे टीडीएस होते की रिजेक्शनची वजावट, हे शोधत बसावं लागतं.

बँक खातं: सगळ्यात जास्त काळजी इथे

कंपनीला पहिलंच बिल जात असेल तर खात्याचा पूर्ण तपशील मेलमध्ये द्या आणि रद्द केलेल्या चेकची प्रत जोडा. प्रत्येक गोष्ट वेगळ्या ओळीत हवी. टेबल करू नका, मोबाइलवर त्याचे रकाने विस्कटतात. तपशील फोटोत पाठवू नका, त्यातून कॉपी करता येत नाही आणि मग कुणीतरी बघून टाइप करतं.

खात्याचं नाव बँकेत आहे अगदी तसंच लिहा. पूर्वी एनईएफटी करताना पैसे फक्त खाते क्रमांकावर जमा व्हायचे, नाव जुळवलं जात नव्हतं. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२५ पर्यंत सगळ्या बँकांना आरटीजीएस आणि एनईएफटीसाठी खातेदाराचं नाव आधी दाखवायची सोय द्यायला सांगितलं. आता बिलावर दुकानाचं नाव आणि स्क्रीनवर मालकाचं वैयक्तिक नाव आलं, तर सावध अकाउंटंट पेमेंट थांबवतो आणि त्याचं ते बरोबरच आहे. तुमचं खातं वेगळ्या नावावर असेल तर मेलमध्ये ते एका वाक्यात आधीच सांगा.

मेल मराठीत लिहिला तरी आकडे इंग्रजी लिपीत टाका. बँकेच्या पोर्टलवर देवनागरी आकडे चिकटवून उपयोग नाही. खाते क्रमांकात मध्ये जागा सोडू नका, कॉपी केल्यावर ती जागाही जाते आणि काही पोर्टल क्रमांक नाकारतात किंवा शेवटचे आकडे कापतात. वाचायला सोपं जावं म्हणून खाली शेवटचे चार आकडे वेगळे द्या.

एक्सेलमध्ये खाते क्रमांक पाठवत असाल तर त्या रकान्याचं फॉरमॅट आधी टेक्स्ट करा. एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच जपतं. `1111222233336032` हा १६ अंकी क्रमांक संख्या म्हणून टाकला की तो `1111222233336030` होतो, आणि क्रमांक शून्याने सुरू होत असेल तर ती शून्यं गळून पडतात. शेवटचे चार आकडे वेगळे लिहिलेले असतील तर ही चूक तिथेच पकडली जाते.

आयएफएससी ११ अक्षरांचा असतो: पहिली चार बँकेची अक्षरं, पाचवं नेहमी शून्य, उरलेली सहा शाखेची. पाचव्या जागी इंग्रजी ओ टाइप झालाय का, एवढं नेमकं तपासा. बँकांच्या विलीनीकरणानंतर अनेक शाखांचे कोड बदलले. बिलाचा नमुना जुना असेल तर सध्याच्या चेकबुकशी ताडून घ्या.

फोनवर क्रमांक सांगायची वेळ आली तर एकेक आकडा सांगा. जोडीने सांगितला की एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत ऐकणाऱ्याची हमखास गफलत होते.

दुसऱ्या बिलापासून मात्र पूर्ण तपशील मेलमध्ये देत बसू नका, असं माझं मत आहे. तो पीडीएफमध्ये असतोच आणि कंपनीच्या सिस्टिममध्ये नोंदलेला असतो. मेलमध्ये ‘खातं पूर्वीचंच, शेवटचे चार आकडे 6032’ एवढं पुरतं. याचं कारण फसवणूक. कुणीतरी तुमचा मेलबॉक्स उघडतो किंवा तुमच्यासारखाच दिसणारा पत्ता बनवतो आणि ‘आमचं खातं बदललं आहे, पेमेंट नव्या खात्यावर करावं’ असा मेल धाडतो. प्रत्येक मेलमध्ये खात्याचा पूर्ण ठोकळा बघायची सवय लागलेल्या माणसाला त्यातला बदललेला क्रमांक जाणवतच नाही. ‘खातं तेच आहे’ असं दर वेळी वाचणाऱ्याला ‘खातं बदललं’ हे वाक्य लगेच खटकतं.

म्हणून प्रत्येक मेलमध्ये एक कायमची ओळ ठेवा: खातं बदललं तर आम्ही फक्त मेलवर कळवणार नाही. खरंच बदललं तर लेटरहेडवर सहीशिक्क्याचं पत्र आणि रद्द चेक द्या, आणि कंपनीने तिच्याकडे आधीपासून असलेल्या तुमच्या नंबरवर फोन करून खात्री करावी असं सांगा. मेलमध्ये दिलेल्या नव्या नंबरवर नव्हे. मोठ्या रकमेआधी एक रुपया पाठवून तो पोचल्याची खात्री करता येते. पैसे चुकीच्या हाती गेलेच तर बँकेला आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला त्याच तासात कळवावं, कारण पैसे पुढे वळवले जाण्याआधी ते गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच असते.

पूर्ण मेल

विषयाच्या ओळीत बिल क्रमांक आणि देय तारीख सुरुवातीलाच हवी, कारण मोबाइलवर पुढचं कापलं जातं. बिल क्रमांकात तिरकी रेघ असेल तर ती फाइलच्या नावात चालत नाही. तिथे आडवी रेघ द्या, म्हणजे `25-26-047_PO-4500018832.pdf`. ‘scan0003.pdf’ नावाचं बिल डाउनलोड फोल्डरमध्ये पुन्हा सापडत नाही.

आपल्या उदाहरणातला मेल, पहिलं बिल धरून, असा होईल. क्रमांक नमुन्याचे आहेत:

```
विषय: बिल 25-26/047, देय 11 ऑगस्ट 2025, रु. 2,83,200, पीओ 4500018832

नमस्कार मॅडम,

पीओ 4500018832 प्रमाणे 12 जुलै 2025 ला पोच केलेल्या
मालाचं बिल सोबत जोडलं आहे.

बिल क्रमांक: 25-26/047
बिलाची तारीख: 10 जुलै 2025
एकूण रक्कम, जीएसटीसह: रु. 2,83,200
(दोन लाख त्र्याऐंशी हजार दोनशे)

देय तारीख: सोमवार, 11 ऑगस्ट 2025
हिशोब: माल पोच 12 जुलै 2025, पीओप्रमाणे
माल मिळाल्यापासून 30 दिवस

खात्याचं नाव: (चेकवर छापलं आहे तसं)
खाते क्रमांक: 1111222233336032
शेवटचे चार आकडे: 6032
आयएफएससी: ABCD0001234 (पाचवं अक्षर शून्य)
खात्याचा प्रकार: करंट

उद्यम क्रमांक: UDYAM-MH-00-0000000 (सूक्ष्म उद्योग)

आपल्या सिस्टिममध्ये देय तारीख वेगळी दिसत असेल तर
कृपया 18 जुलैपर्यंत कळवावं. पेमेंट झाल्यावर
यूटीआर क्रमांक याच मेलवर पाठवावा.

आमचं खातं बदललं तर आम्ही फक्त मेलवर कळवणार नाही.
तसा मेल आल्यास आपल्याकडच्या आमच्या नंबरवर फोन करावा.

जोडलेलं: बिल, सही-शिक्क्याचं चलन, रद्द चेक
```

यात दोन गोष्टी मुद्दाम घातल्या आहेत. एक म्हणजे ‘वेगळी तारीख दिसत असेल तर १८ जुलैपर्यंत कळवावं’. नुसतं ‘तारीख कन्फर्म करा’ म्हटलं तर उत्तर येत नाही. फरक असेल तरच लिहायचं आहे म्हटल्यावर काम हलकं होतं, आणि उत्तर आलं नाही तरी तुम्ही वेळेत विचारल्याची नोंद राहते. दुसरी म्हणजे पोच झाल्याचं सही-शिक्क्याचं चलन. देय तारखेचा सगळा हिशोब १२ जुलै या एका तारखेवर उभा आहे आणि ती सिद्ध करणारा तेवढाच कागद तुमच्याकडे आहे. गेटवर शिक्का घेताना तारीख स्पष्ट उमटली का, हे ड्रायव्हरला तिथेच बघायला सांगा.

इंग्रजीत मेल लिहिणार असाल तरी क्रम हाच ठेवा.

पाठवण्याआधी आणि नंतर

मेल आधी स्वतःला पाठवा, मोबाइलवर उघडा आणि शॉपमधल्या दुसऱ्या कुणाला तरी दाखवा, ज्याला हा व्यवहार माहीत नाही. त्याला विचारा: पैसे कधी यायचे आहेत, किती आणि कुठल्या खात्यात? तो कुठे अडखळला, किंवा ‘म्हणजे बिलापासून तीस दिवस ना?’ असं त्याने विचारलं, तर ती ओळ पुन्हा लिहा. खाते क्रमांक मेलमधून कॉपी करून पासबुकशी एकेक आकडा जुळवा. हे एकदा नीट केलं की पुढच्या बिलांना तोच मेल नमुना म्हणून वापरता येतो. तेव्हा मात्र देय तारीख, वार आणि पोच तारीख या तीन जागा आधी रिकाम्या करा आणि मग भरा. मागच्या महिन्याची तारीख तशीच राहून गेलेला मेल हा अगदी नेहमी दिसणारा प्रकार आहे.

देय तारखेच्या चार-पाच दिवस आधी आठवण करायची तर नवा मेल सुरू करू नका, याच मेलला रिप्लाय करा. खाली मूळ तारीख, हिशोब आणि चलन सगळं दिसत राहतं. आठवणीत खाते क्रमांक पुन्हा टाइप करू नका. दोन ठिकाणी लिहिलेल्या क्रमांकांत एक आकडा जरी इकडचा तिकडे झाला, तर कुठला खरा हे समोरच्याने कसं ठरवायचं?

पैसे आले की यूटीआर, म्हणजे बँकेने त्या पेमेंटला दिलेला क्रमांक, बँक स्टेटमेंटशी जुळवा आणि त्याच मेलवर लिहा: बिल 25-26/047 पूर्ण जमा, तारीख अमुक. कमी आले असतील तर किती कमी आले आणि कशापोटी कापले, हे त्याच दिवशी विचारा. एन्ट्री करणाऱ्या व्यक्तीला तेव्हा ते आठवत असतं.